कॉलेजच्या लेखा विभागाला थकीत मानधनासाठी पत्र – सोबत तासिका आणि हजेरीचा तक्ता कसा जोडायचा?

वाटाडी

मी एका कॉलेजात बीबीएला व्हिजिटिंग म्हणून शिकवते. कॉलेज अनुदानित आहे पण बीबीए हा विनाअनुदानित विभाग, म्हणजे आमचं मानधन संस्थाच देते. नियुक्तीपत्रात प्रति तासिका ५०० रुपये लिहिलंय, विद्यापीठाची मान्यता वगैरे काही नाही, नुसतं संस्थेचं पत्र. पहिल्या सत्रात जुलैत १८ तासिका झाल्या, त्याचे ९,००० सप्टेंबरमध्ये जमा झाले. त्यानंतर ऑगस्ट २२, सप्टेंबर २४, ऑक्टोबर १२, अशा ५८ तासिकांचे २९,००० अजून आले नाहीत. दर महिन्याला बिल दिलंय, एचओडींची सही घेऊन. आता फेब्रुवारी उजाडला.

अकाउंट्सला विचारलं की ते म्हणतात "मॅडम तुमच्या बिलात फरक आहे", एचओडी म्हणतात "मी सही करून पाठवलंय", आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसायला माझ्याकडे वेळ नाही कारण दुसऱ्या कॉलेजातही तास असतात. फरक नेमका कशाचा ते खूप खोदून विचारल्यावर कळलं, चार तासिकांचा. १८ सप्टेंबरला एक आणि १९ ला दोन, तेव्हा युवा महोत्सवाच्या प्रॅक्टिसमुळे वर्गात एकही मूल नव्हतं, मी मात्र वेळापत्रकाप्रमाणे हजर होते. चौथी ११ ऑक्टोबरची, शनिवारी घेतलेली जादा तासिका, सिलॅबस संपवायला. या चार तासिकांसाठी अख्खे २९,००० अडकलेत.

दुसऱ्या सत्रात इथेच शिकवतेय, त्यामुळे भांडण नको आहे, पण पैसे हवेत. पत्र कुणाच्या नावाने लिहू, हजेरीचा रेकॉर्ड किती आणि कसा जोडू?

धुळाक्षर

अहो तासिका तत्त्वावाल्यांचं हे दरवर्षीचंच आहे. आमच्याकडे सहसंचालक कार्यालयातून मंजुरी येत नाही तोवर कॉलेज एक पैसा सोडत नाही, मार्चएण्डला एकदम येतं आणि तेही अर्धं. तुम्ही सहसंचालकांना निवेदन द्या, सगळ्यांनी मिळून सह्या करून. आम्ही मागच्या वर्षी दिलं होतं.

वाटाडी

धुळाक्षर, तुमचा त्रास खरा आहे पण माझी केस ती नाही. माझं पद शासनमान्य नाही, सहसंचालकांकडे माझ्या नावाची फाईलच नाही. पैसे मुलांच्या फीमधून येतात आणि फी केव्हाच भरून झालीय.

धुळाक्षर

ओह हो, विनाअनुदानित म्हणालात ते माझ्या नजरेतून सुटलं. मग तर पैसे त्यांच्याकडे आहेतच की.

जुना_ओएस

मी बरीच वर्षं कॉलेज ऑफिसात काढली, शेवटी ऑफिस सुपरिटेंडेंट होतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. अकाउंट्सचा माणूस तुमचं बिल मंजूर करत नाही, तो फक्त तपासतो आणि पैसे काढतो. मंजुरी प्राचार्यांची, विनाअनुदानितला बऱ्याच ठिकाणी संस्थेच्या सचिवांची पण सही लागते. तपासताना आकडा जुळला नाही की तो बिल बाजूला ठेवतो, आणि परत पाठवायचं म्हणजे कागद करावा लागतो म्हणून परतही पाठवत नाही. तिथेच ते झोपतं. मुद्दाम कुणी अडवलेलं असतंच असं नाही.

म्हणून पत्रात एक गोष्ट करा, ज्यावर वाद नाही ते आणि ज्यावर वाद आहे ते वेगळं काढा. तुमच्या ५८ पैकी ५४ तासिकांवर कुणाचंच काही म्हणणं नाही, त्याचे २७,००० होतात. उरलेल्या चारचे २,०००. आज बिल एकच असल्यामुळे २,००० च्या शंकेपायी २७,००० थांबलेत. तुम्ही ५४ चं सुधारित देयक आणि ४ चं स्वतंत्र देयक अशी दोन बिलं दिलीत की अकाउंट्सच्या माणसाला पहिलं बिल अडवायला कारणच उरत नाही, आणि दुसऱ्यावर निर्णय प्राचार्यांनी घ्यायचा. चार तासिका सोडून देऊ नका हां, फक्त वेगळ्या मांडा.

पत्र लेखापालांच्या नावे, मार्फत विभागप्रमुख, प्रत प्राचार्यांना.

रोखठोक

अकाउंट्सला पत्र लिहिणं म्हणजे वेळ घालवणं. थेट प्राचार्यांना लिहा, १८ टक्के व्याज मागा आणि १५ दिवसांत नाही दिलं तर लेबर कोर्टात जाईन म्हणून टाका. पगार थकवणं गुन्हा आहे. सरळ मार्गाने कुणी देत नाही.

जुना_ओएस

रोखठोक, प्राचार्यांना प्रत हवीच, तेवढं बरोबर. पण फक्त त्यांना लिहिलं तर ते पत्रावर "लेखा विभाग, अभिप्राय द्या" असं लिहून खाली पाठवतात, म्हणजे फिरून तेच टेबल. व्याज नियुक्तीपत्रात नाही, तुम्ही १८ टक्के लिहिलंत की मूळ रक्कम बाजूला राहून त्यावरच चर्चा सुरू होते.

कलम_कागद

लेबर कोर्टाबद्दल, मी वकिली करतो म्हणून लिहितो. १९८८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेची केस, त्यात शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही असं ठरलं. त्यामुळे तो दरवाजा शिक्षकांना सहसा बंदच असायचा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत आणि वेतनाच्या कोडमध्ये 'कर्मचारी' ही व्याख्या रुंद आहे, पण तासावर येणारा व्हिजिटिंग त्यात बसतो का यावर आमच्यातही एकमत नाही. त्याच्या भरवशावर धमकी देऊ नका.

दिवाणी मार्ग मात्र उघडा आहे आणि त्याला मुदत तीन वर्षं. घाई नाही, पण पत्राचं उत्तर लेखी घ्या. "तुमचे अमुक रुपये देय आहेत, बजेट आल्यावर देऊ" असं सहीनिशी एक ओळ जरी मुदतीच्या आत मिळाली तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. तोंडी "देतो हो मॅडम" याचा इथे उपयोग नाही.

वाटाडी

हे खूप उपयोगी आहे, धन्यवाद. ओएस सर, हजेरीचा रेकॉर्ड कसा जोडू? माझ्याकडे टीचर्स डायरी आहे, तासिकेचं रजिस्टर विभागात आहे आणि मुलांच्या हजेरीचा कॅटलॉग पण विभागातच. सगळ्याची झेरॉक्स लावली तर गठ्ठा होईल.

जुना_ओएस

गठ्ठा नको. तपासणारा माणूस तीन गोष्टी एकमेकींशी लावून बघतो, वेळापत्रक, तासिका रजिस्टर आणि कॅटलॉग. तुमची डायरी तुमच्यासाठी, ती एकटी पुरावा म्हणून कमी पडते कारण ती तुम्हीच लिहिलेली. त्यामुळे तक्ता असा करा की प्रत्येक ओळीवरून माणूस थेट रजिस्टरच्या पानावर जाईल. तारीख आणि वार, वेळ, वर्ग-तुकडी, विषय आणि शिकवलेला घटक, पटावर किती, हजर किती, रजिस्टरचं पान. प्रत्येक पानाच्या खाली एचओडींची सही आणि शिक्का. नंतर मधे ओळ घुसवली असं कुणी म्हणू नये म्हणून पानाच्या तळाशी त्या पानावरच्या तासिकांची बेरीज लिहा आणि ती पुढच्या पानावर ओढा.

वार लिहा म्हणतो त्याला कारण आहे. आमच्याकडे एका सरांच्या बिलात २७ ऑगस्ट २०२५ ला दोन तास दाखवले होते, त्या दिवशी गणेश चतुर्थी. सरांनी बहुतेक आदल्या दिवशीचे तास चुकीच्या रकान्यात लिहिले होते पण तेवढ्यावरून पूर्ण बिलावर शंका आली आणि सगळ्या तारखा पुन्हा तपासल्या गेल्या. म्हणून पाठवण्याआधी सुट्ट्यांची यादी घेऊन एकदा स्वतः बसा, रविवार, सुट्ट्या, परीक्षेचे दिवस.

मुलांची नावं, रोल नंबर काही जोडू नका. आकडा पुरतो, नावं कॅटलॉगमध्ये आहेतच, आणि मुलांची यादी टेबलाटेबलावरून फिरायचं कारण नाही.

नारळीभात

मी गोव्यात लेक्चर बेसिसवर होते, तिकडेही असाच फॉर्म असायचा. एक शंका, हजेरी शून्य असेल तर ती ओळ गाळलेली बरी ना? उगाच त्यांच्या हातात कारण कशाला द्यायचं.

जुना_ओएस

गाळू नका. तुम्ही ४० लिहिलंत आणि कॅटलॉगला त्या दिवशी कोरं असेल तर उरलेले खरे तासही खोटे ठरतात. शून्य तर शून्य लिहा आणि शेरा लिहा, "वेळापत्रकाप्रमाणे वर्गात उपस्थित, विद्यार्थी युवा महोत्सवाच्या सरावास". तो सराव कॉलेजच्याच सूचनेने होता ना? मग ती नोटीस शोधा, तिची प्रत लावा. मुलांना कॉलेजने नेलं आणि व्हिजिटिंगला आधी कळवलं नाही, तर वेळ तुमचा गेला. माझ्या मते त्याचे पैसे मिळायला हवेत. पण सगळे प्राचार्य असं मानत नाहीत, काही म्हणतात तासिका झालीच नाही तर मानधन कसलं. नियुक्तीपत्रात "प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांसाठी" असा शब्द आहे का बघा, असेल तर तुमची बाजू कमी होते.

शनिवारच्या तासिकेचं सोपं आहे, ती घ्यायला कुणी सांगितलं?

वाटाडी

एचओडींनीच, ग्रुपवर मेसेज आहे, "एसवाय अ चे दोन टॉपिक राहिलेत, शनिवारी एक एक्स्ट्रा घ्या". आणि हो, पत्रात "प्रत्यक्ष घेतलेल्या" असाच शब्द आहे, आत्ता बघितलं.

जुना_ओएस

मग शनिवारची एक नक्की मिळेल, मेसेजची प्रिंट काढून त्यावर एचओडींची सही घ्या. सप्टेंबरच्या तीन तासिकांचं प्राचार्यांवर. मागा जरूर.

वाटाडी

हा मसुदा केलाय, बघा बरं.

> दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति,
> मा. लेखापाल,
> लेखा विभाग, (महाविद्यालयाचे नाव)
>
> मार्फत : विभागप्रमुख, बीबीए
>
> विषय : प्रथम सत्र २०२५-२६ मधील ५८ तासिकांचे थकीत मानधन मिळणेबाबत
>
> संदर्भ : १) नियुक्तीपत्र दि. २ जुलै २०२५, २) ऑगस्ट, सप्टेंबर व ऑक्टोबर २०२५ ची मानधन देयके
>
> महोदय,
>
> वरील नियुक्तीपत्रानुसार मी बीबीए विभागात प्रति तासिका ५०० रुपये मानधनावर अध्यापन करीत आहे. जुलै २०२५ च्या १८ तासिकांचे ९,००० रुपये मला मिळाले आहेत. ऑगस्टच्या २२, सप्टेंबरच्या २४ व ऑक्टोबरच्या १२ अशा ५८ तासिकांचे २९,००० रुपये मिळालेले नाहीत.
>
> आपल्या विभागाकडून तोंडी कळले त्यानुसार यापैकी चार तासिकांबाबत शंका आहे. म्हणून मी देयकाचे दोन भाग करून देत आहे. भाग अ : ऑगस्ट २२, सप्टेंबर २१, ऑक्टोबर ११, एकूण ५४ तासिका, २७,००० रुपये. या तासिका विभागाच्या रजिस्टरशी व कॅटलॉगशी जुळतात. भाग ब : १८ सप्टेंबर (१), १९ सप्टेंबर (२) व ११ ऑक्टोबर (१), एकूण ४ तासिका, २,००० रुपये, त्यांचे स्पष्टीकरण व कागद सोबत आहेत.
>
> भाग ब वरील निर्णयास वेळ लागणार असल्यास भाग अ ची रक्कम त्यासाठी न थांबवता माझ्या खात्यावर जमा करावी. भाग अ मध्ये काही त्रुटी असल्यास कोणत्या तारखेची ते लेखी कळवावे, म्हणजे मी त्याच आठवड्यात दुरुस्ती करून देईन. देयक सध्या कोणाकडे मंजुरीसाठी आहे तेही कळवावे.
>
> आपली विश्वासू,
>
> सोबत : तासिका व हजेरी तक्ता, नियुक्तीपत्राची प्रत, पॅन कार्ड व रद्द धनादेशाची प्रत, युवा महोत्सवाची नोटीस, ११ ऑक्टोबरच्या तासिकेबाबत विभागप्रमुखांचा संदेश
>
> प्रत : मा. प्राचार्य

तक्त्याच्या ओळी अशा:

> ५ ऑगस्ट, मंगळवार | ११.०० ते ११.५० | एसवाय अ | कॉस्ट अकाउंटिंग : मटेरियल कॉस्ट | पट ५८, हजर ४१ | रजि. पान १२
>
> १८ सप्टेंबर, गुरुवार | ११.०० ते ११.५० | एसवाय अ | – | पट ५८, हजर ० | रजि. पान २३ | शेरा : सराव, नोटीस सोबत
>
> ११ ऑक्टोबर, शनिवार | १०.०० ते १०.५० | एसवाय अ | कॉस्ट अकाउंटिंग : मार्जिनल कॉस्टिंग | पट ५८, हजर ३३ | रजि. पान ३१ | शेरा : जादा तासिका

जुना_ओएस

उत्तम. "त्रुटी असल्यास कोणत्या तारखेची ते लेखी कळवावे" हे वाक्य अजिबात काढू नका, तुमच्या पत्राचा जीव त्यात आहे. "फरक आहे" एवढं म्हणून चालत नाही मग, तारीख सांगावी लागते.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, आवक क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. अकाउंट्सच्या टेबलावर नुसतं ठेवून येऊ नका, तिथून कागद हरवला तर कुणीच हरवलेला नसतो. मूळ कागद एकही देऊ नका, डायरी तर नाहीच.

आणि व्हाउचर. काही ठिकाणी आधीच रेव्हेन्यू स्टॅम्पवर "रक्कम मिळाली" अशी सही घेऊन ठेवतात, ५,००० च्या वरच्या पावतीला एक रुपयाचा स्टॅम्प लागतो म्हणून एकदम उरकतात. पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. अगदीच अडून बसले तर सहीच्या वर "रक्कम खात्यात जमा झाल्यावर ग्राह्य" असं स्वतःच्या हाताने लिहा.

नारळीभात

टीडीएसचं काय? १० टक्के कापून देतील ना? १५जी फॉर्म आत्ताच जोडून टाका म्हणजे कापणार नाहीत.

ताळेबंद

१५जी इथे चालत नाही. तो बँकेच्या व्याजाला वगैरे चालतो, १९४जे खाली कापल्या जाणाऱ्या प्रोफेशनल फीला नाही. पण कलमाची मर्यादाही बघा, १ एप्रिल २०२५ पासून एका वर्षात एका देणाऱ्याकडून ५०,००० पर्यंत कापायचं नाही, आधी ती ३०,००० होती. वाटाडींचे जुलैचे ९,००० आणि आता २९,००० म्हणजे ३८,०००, मर्यादेच्या आत. मात्र दुसऱ्या सत्राची बिलं पण मार्चच्या आत हिशोबात धरली आणि एकूण ५०,००० च्या वर गेलं तर १० टक्के पूर्ण रकमेवर लागतो, नुसत्या वरच्यावर नाही. कापला तरी घाबरू नका, रिटर्न भरून परत मिळतो, फक्त २६एएस मध्ये दिसतोय ना ते बघा. कापून घेतलेला पण भरलेलाच नाही असंही पाहिलंय. आणि पॅन दिलेला नसेल तर २० टक्के.

रोखठोक

मार्चएण्डच्या आधी पत्र गेलं हे चांगलं केलंत, एवढं मान्य. पुढच्या वर्षात गेलं की "मागच्या वर्षाचं बजेट संपलं" हे सुरू होतं. पण उत्तरच नाही दिलं तर?

जुना_ओएस

महिनाभर थांबून त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र, या वेळी प्राचार्यांच्या नावे. बाहेरगावी असाल तर स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, कारण रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलंय. कॉलेज अनुदानित आहे म्हणताय, तर त्यानंतर माहिती अधिकारही आहे. दहा रुपये फी, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. "का दिलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "अमुक आवक क्रमांकाच्या देयकावरील टिपणी व शेऱ्यांच्या प्रती द्या" असं मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तुम्ही तिथे शिकवताय, म्हणून तो अर्ज शेवटी ठेवा.

कलम_कागद

विनाअनुदानित विभागाचा हिशोब संस्थेचा खाजगी आहे असं काही कॉलेजं म्हणतात आणि माहिती नाकारतात. अपिलात काय होईल ते त्या त्या कॉलेजवर आहे, मी पैज लावणार नाही.

वाटाडी

अपडेट. पत्र दिलं, आवक क्रमांक मिळाला. लेखापालांनी दुसऱ्याच आठवड्यात बोलावलं, भाग अ ची चार-पाच पानं माझ्यासमोर रजिस्टरशी लावून बघितली. २५ ऑगस्टच्या एका ओळीत रजिस्टरचं पान त्यांना सापडत नव्हतं, ते मागच्या भागात पुरवणी पान लावलेलं होतं, तिथे सापडलं. काल २७,००० जमा झाले, पूर्ण, टीडीएस नाही.

भाग ब वर प्राचार्यांनी शनिवारची तासिका मंजूर केली आहे, ५०० पुढच्या बिलात येतील म्हणाले. सप्टेंबरच्या तीन तासिकांवर "प्रत्यक्ष अध्यापन नाही" असा शेरा मारून संस्थेकडे मार्गदर्शनासाठी पाठवलंय. शेऱ्याची प्रत मिळाली, लेखी आहे.

जुना_ओएस

छान. त्या तीनसाठी संस्थेच्या सचिवांना एक पान लिहा, नोटिसीची तारीख आणि तुम्हाला ती कळवली नव्हती एवढंच. आणि या सत्रात असं झालं तर वर्गातूनच एचओडींना मेसेज टाका, "वर्ग रिकामा आहे, मी हजर आहे, काय करू". ते म्हणतील थांबा किंवा जा, दोन्हीचा कागद तुमच्याकडे राहील.

धुळाक्षर

वाटाडी, तो तक्ता कोऱ्या स्वरूपात इथे टाकाल का? आमची बिलं वेगळ्या नमुन्यात असतात पण रजिस्टरच्या पानाचा रकाना मी आमच्या एचओडींना दाखवणार आहे, आमच्याकडे तो नाहीये.

वाटाडी

हो, संध्याकाळी टाकते. तुमच्या बिलावर सहसंचालक कार्यालयाचा ठरलेला नमुना असेल तर तो बदलू नका, माझा तक्ता नुसता मागे जोडा.